बिजागरीपाशी आस का धरायची?

दुकानाची पाटी टांगायला भिंतीतून 2 मीटरची आडवी तुळई काढली आहे. भिंतीपाशी ती बिजागरीवर बसते. दुसऱ्या टोकाला बांधलेली तार 30 अंशांच्या कोनात भिंतीकडे वर जाते. तुळईचे वजन 200 न्यूटन, टोकाला लटकणाऱ्या पाटीचे 100. तारेवर ताण किती?

अडचण बिजागरीची आहे. तिचे बल किती आणि कोणत्या दिशेने, दोन्ही अज्ञात. पण तुळई स्थिर असल्याने कोणत्याही बिंदूभोवती आघूर्णांची बेरीज शून्यच येते; बिंदू आपण निवडायचा. बिजागरीच निवडली, की तिच्या बलाचे अंतर शून्य, म्हणून आघूर्णही शून्य. उरतो फक्त ताण. वजने तुळईला खाली फिरवतात: 200 × 1 + 100 × 2 = 400. ताणाचा उभा भाग निम्मा, त्याचे आघूर्ण ताण × 0.5 × 2. म्हणून ताण 400 न्यूटन.

आता आस बाहेरच्या टोकाला न्या. तार आणि पाटी दोन्ही गळतात; बिजागरीचे उभे बल × 2 = 200 × 1, म्हणजे 100 न्यूटन, वरच्या दिशेने. ताडा जुळतो: ताणाचे उभे 200 आणि हे 100 मिळून एकूण वजन 300. आडवे बल मात्र ताणाच्या आडव्या भागाइतके, सुमारे 346. बिजागरीचे बल तुळईच्या रेषेतच असते असे गृहीत धरणारे हे 100 न्यूटन हरवून बसतात.

आस बदलून नवी माहिती निर्माण होत नाही. एका प्रतलात स्वतंत्र समीकरणे तीनच. दुसरी तार बांधली, तर कोणतीही आस पुरत नाही. तारा किती ताणल्या जातात हेही पाहावे लागते.