ठिणग्या कार्बनच्या, दोष चकचा

गेल्या महिन्यात एक सुतारमिस्त्री आपलं 600 वॉटचं ड्रिल मशीन घेऊन माझ्याकडे दुरुस्तीला आले. नुसतं फिरवलं तर चांगलं चालतं, पण भिंतीला टेकवलं की बसतं आणि मागच्या जाळीतून ठिणग्या उडतात, अशी त्यांची तक्रार होती. "कार्बन संपले असतील, तेवढे बदलून द्या," असं ते म्हणाले. कार्बन संपले होतेच, पण ते का संपले हे त्यांच्या बिटाच्या दांड्यावर लिहिलेलं होतं. गुळगुळीत असायला हवा तो दांडा गोलाकार ओरखड्यांनी भरला होता. चक बिटाला घट्ट धरत नव्हता, बिट त्याच्या जबड्यांत घसरत होतं.

ड्रिलच्या मोटरमध्ये फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, त्याला कॉम्यूटेटर म्हणतात. दोन बाजूंनी कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर त्यावर घासत राहतात आणि फिरत्या वाइंडिंगला वीज पोचवतात. आर्मेचरच्या दांडीवरच पंखा असतो. त्याच्या हवेवर सगळी मोटर थंड राहते.

या मोटरचा एक स्वभाव ध्यानात ठेवायला हवा. ती वेगात असते तेव्हा तिच्या फिरण्यातूनच येणाऱ्या विजेला विरोध तयार होतो. वेग कमी झाला की विरोधही घटतो आणि मोटर जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला तर वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते, आणि नेमका त्याच वेळी पंखाही मंदावलेला असतो. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त होते तेव्हा हवा सगळ्यात कमी मिळते.

मिस्त्रींच्या मशीनमध्ये असंच होत गेलं. बिट घसरायचं, भोक पुढे सरकायचं नाही, म्हणून ते अंगाचा भार टाकायचे. तेवढ्यात जबडे बिट पकडायचे आणि मोटर दबून मंद व्हायची. वाढलेला करंट जाणार कार्बनमधूनच. त्यामुळे कार्बन तापून लवकर झिजले. कार्बन आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, तो कॉम्यूटेटरवर थरथरतो, आणि प्रत्येक वेळी सुटताना ठिणगी पडते. ठिणगीने तांबं खडबडीत होतं आणि खडबडीत तांबं कार्बनला आणखी खातं.

प्लग काढून मी बाजूच्या टोप्या उघडल्या. त्या मापाचा नवा कार्बन साधारण 14 मिलिमीटरचा असतो. इथे एक 5 आणि दुसरा 6 मिलिमीटर उरला होता. एक तृतीयांशाच्या आसपास आले की दोन्ही एकदमच बदलावेत. एकच बदलला तर दोन बाजूंचा दाब असमान राहतो. कॉम्यूटेटर काळा पडला होता, तो बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ केला. एमरी पेपर इथे वापरू नये, त्याचे कण पट्ट्यांच्या फटींत अडकून त्रास देतात.

खरी भीती होती ती वाइंडिंगची. तारेवरचं वार्निश जळलं की शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात. मग ते मशीन रिकामं फिरतानाही कॉम्यूटेटरभोवती आगीचं कडं दिसतं, जळका वास येतो, आणि एकदोन पट्ट्या इतरांहून जास्त काळ्या पडतात. असं असेल तर नवे कार्बनही काही दिवसांत जातात. तिथे आर्मेचर बदलणं किंवा रिवाइंडिंग करणं हाच उपाय. या मशीनमध्ये वास नव्हता, पट्ट्या सारख्या होत्या, आणि मल्टिमीटरवर लागोपाठच्या पट्ट्यांमधलं रेझिस्टन्स सगळीकडे जवळपास सारखं येत होतं. वाइंडिंग वाचलं होतं.

नवे कार्बन घालून मशीन पाच मिनिटं रिकामं चालवलं, म्हणजे त्यांची टोकं कॉम्यूटेटरच्या गोलाईला बसतात. सुरुवातीची ठिणगी विरत गेली. कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणगी राहिली, तेवढी चालते.

मग चक. जबडे पुढच्या तोंडाशी झिजून पसरले होते, म्हणून चकच बदलला. मिस्त्री चावी एकाच भोकात पिळत असत. आता तिन्ही भोकांत आळीपाळीने पिळायची, असं त्यांना करून दाखवलं. एका भोकात घट्ट वाटलं तरी दुसऱ्यात चावी अजून थोडी फिरते, हे त्यांनी स्वतः अनुभवलं. मशीन दबलं तर भार कमी करायचा, आणि गरम झालं तर लगेच ठेवून न देता मिनिटभर रिकामं फिरवायचं, म्हणजे पंख्याला आतली उष्णता बाहेर काढायला वेळ मिळतो, हेही सांगितलं.

जुनं बिट मी त्यांना परत दिलं नाही. ओरखडे पडलेला दांडा नव्या चकमध्येही नीट बसत नाही. पुढच्या बिटावर तसा पहिला ओरखडा दिसला की त्याच दिवशी चक तपासायचा. ठिणग्यांची वाट पाहायची नाही.