‘राम राम’ नंतर काय बोलायचं? फील्डवर्कची पहिली दोन मिनिटं

प्रश्नावली तयार असते, नमुन्याच्या पिशव्या तयार असतात, संमतीपत्रही छापून घेतलेलं असतं. पण महागाव तालुक्यातल्या एखाद्या ओट्यासमोर उभं राहून ‘राम राम काका’ म्हटल्यावर पुढचं वाक्य कोणतं, हे कुठल्याच कोर्सवर्कमध्ये नसतं. आज त्याबद्दलच बोलू.

ज्या बोलण्यातून माहिती मिळत नाही, फक्त संबंध जुळतो, त्या बोलण्याला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोवस्की यांनी १९२३ साली ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. आपल्याकडचं ‘चहा झाला का?’ हे त्याचंच उदाहरण. विचारणाऱ्याला चहाचा हिशोब नको असतो. पुढे १९७५ साली जॉन लेव्हर या भाषाशास्त्रज्ञाने अशा वाक्यांचे तीन प्रकार पाडले: आजूबाजूच्या गोष्टींबद्दलची, स्वतःबद्दलची आणि समोरच्याबद्दलची. ‘आज ऊन फार आहे’ हा पहिला प्रकार, ‘चालून दमलो बुवा’ हा दुसरा आणि ‘काय म्हणते शेती?’ हा तिसरा.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यासाठी पहिले दोन सुरक्षित, तिसरा जोखमीचा. कारण समोरच्याबद्दल विचारण्याचा हक्क ओळखीतून किंवा मोठेपणातून येतो. आपल्याकडे ओळख नसते, आणि हातात फाइल असल्यामुळे मोठेपणा मात्र नको तितका दिसतो.

समजा, ऑक्टोबर महिना आहे आणि तुम्ही मातीचे नमुने घ्यायला गेला आहात. संवाद साधारण असा होऊ शकतो:

‘राम राम काका.’
‘राम राम. कोणीकडून आले?’
‘यवतमाळहून. आर्णीमार्गे यष्टीनं आलो, फाट्यापासून पायी.’
‘पायी आले? लय ऊन तापून रायलं आज.’
‘हो ना, सावली पाहूनच इकडं वळलो.’
‘बसा, पाणी घ्या.’

इथे तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही. प्रवास तुमचा, ऊन सगळ्यांचं. त्यांना पुढे बोलायचं असेल तर वाट मोकळी आहे, नसेल तर ‘पाणी घ्या’ म्हणून थांबताही येतं. ‘बसा’ आलं की तुमचं नाव, संस्था आणि काम सांगायची वेळ झाली. त्यापुढे गप्पा लांबवू नका. काम न सांगता गोड बोलत राहणारा माणूस गावाला बियाण्याचा एजंट तरी वाटतो, नाहीतर वसुलीवाला.

आता हवामानाबद्दल. पुस्तकात हवामान हा सगळ्यात निरुपद्रवी विषय असतो. पण इथली बरीच शेती पावसावर चालते. कापूस, सोयाबीन, तूर. ऑक्टोबरात सोयाबीन कापून शेतात पडलेलं असतं आणि कापसाची बोंडं फुटायला लागलेली असतात. तेव्हा ‘यंदा पाऊस कसा झाला?’ हा प्रश्न हवामानाचा राहत नाही. पावसावरून उतारा, उताऱ्यावरून पैसा आणि पैशावरून कर्ज, इतकं ते जवळ असतं. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांच्या चौकशीसाठी माणसं वर्षानुवर्षं येत आली आहेत, तिथे हे धागे लोकांना लगेच दिसतात. म्हणून आजच्या आभाळाबद्दल बोला, हंगामाबद्दल नको. ‘आभाळ भरून आलं आज’ चालतं. ‘पावसानं किती नुकसान झालं?’ हा प्रश्नावलीतला प्रश्न आहे, तो संमतीनंतर.

दुसरी गोष्ट परतफेडीची. ‘कोण गावचे? आडनाव काय?’ असं तुम्हाला विचारलं जाईल. पाहुण्याला हे विचारायचा यजमानाला हक्क आहे, सरळ उत्तर द्या. पण तोच प्रश्न उलटून विचारू नका. तुम्ही विचारलेलं आडनाव म्हणजे जातीची चौकशी होते. तसंच जमीन किती, मुलं किती, मुलगा काय करतो, हेही.

चुकलं हे कसं ओळखायचं? उत्तरं ‘हं’, ‘हाय तसंच’ इतकी आखूड होतात, किंवा प्रश्नालाच प्रश्न येतो: ‘कशासाठी पायजे? कोणत्या खात्यातून आले?’ असं झालं की विषय बदलून सारवासारव करू नका. तिथेच काम सांगा आणि नाही म्हणायची मोकळीक द्या.

शेवटचं, आणि हे विसरलं जातं: संमतीआधी ओट्यावर जे कानावर पडलं, ते डेटा नाही. काका पाणी देता देता बोंडअळीबद्दल बोलले तर ऐका, पण वही मिटलेली ठेवा. ते हवंच असेल तर संमती घेतल्यावर म्हणा, ‘मघाशी तुम्ही अळीचं म्हणाले, ते लिहून घेऊ का?’ आणि ‘नको’ म्हणाले, तर ते तिथेच सोडा.