त्रेसष्टमधून नऊ

देवळीच्या एखाद्या शाळेतील तिसरीचे मूल गणिताचा खेळ खेळत आहे, असे समजा. पडद्यावर दुकान आहे. आवाज येतो, ‘गल्ल्यात त्रेसष्ट रुपये आहेत, नऊ परत द्या. उरले किती?’ उत्तर ५४.

मूल २७ लिहिते, तेव्हा त्याची वजाबाकी अचूकच असते. मराठीत ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतो, म्हणून त्याने ३६ धरले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असेही वाचन आले, ते याच अडचणीपोटी. वादही बराच झाला. दुसरे मूल ६६ लिहिते. त्याने संख्या बरोबर ऐकली, पण तीनातून नऊ जात नाहीत म्हणून नवातून तीन वजा केले.

चांगला खेळ या दोघांना एकच सोपे उदाहरण देत नाही. पहिल्याला तो ३६ आणि ६३ दाखवून ‘त्रेसष्ट कोणते?’ असे विचारतो. दुसऱ्याला दहाची नोट मोडून दहा नाणी करायला लावतो. एकदाची चूक अनवधानाचीही असू शकते. तशीच चूक पुन्हा झाली तरच वाट बदलावी.

लाल फुली नसते. पैसे देऊनही गल्ला वाढलेला दिसतो आणि मूल स्वतःच थबकते. बक्षीस मात्र वेगाला देऊ नये. तसे दिले की मुले अंदाजाने बोट दाबत सुटतात. दोन सेकंदांत येणारी चुकीची उत्तरे ही त्याची खूण. हिशेब जुळला की दुकानात नवा माल यावा, एवढे पुरते.