शेपटी वळते आणि वलय जुळतं

जुन्या वलयाला चिकटून सहा कार्बनांचं दुसरं वलय उभारायचं, तेही एकाच क्रमात! रॅपसन आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९३५ साली ही रीत मांडली. तिचं उत्तम उदाहरण म्हणजे वीलँड-मीशर किटोन.

सुरुवातीचा रेणू २-मिथिल-सायक्लोहेक्झेन-१,३-डायोन. सहा कार्बनांच्या वलयात दोन कार्बोनिल गट आणि त्यांच्या मधोमध मिथिल गट असलेला एक कार्बन. दोन्ही बाजूंचे कार्बोनिल इलेक्ट्रॉन ओढतात, म्हणून या कार्बनवरचा एकुलता हायड्रोजन सौम्य अल्कलीही काढून घेते. ऋणभारित झालेला हा कार्बन मिथिल व्हायनिल किटोनच्या दुहेरी बंधाच्या टोकाला जोडला जातो. हीच मायकल अभिक्रिया. आता वलयाला चार कार्बनांची शेपटी लागली. मधल्या कार्बनवर हायड्रोजन उरला नाही, त्यामुळे तिथे दुसरी शेपटी लागण्याची भीती नाही.

खरी गंमत पुढे आहे. शेपटीतल्या कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंच्या कार्बनांवर हायड्रोजन आहेत. आतल्या बाजूच्या कार्बनने जुन्या वलयातल्या कार्बोनिलवर हल्ला केला, तर चार कार्बनांचं ताणलेलं वलय बनेल. ते टिकत नाही. अल्डोल अभिक्रिया उलटही फिरत असल्याने ते सुटून जातं. टोकाच्या मिथिलने हल्ला केला, तर बरोबर सहा कार्बन मोजून होतात. मग पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, कार्बोनिलशेजारी दुहेरी बंध तयार होतो आणि वलय पक्कं होतं.

हिशेब सोपा आहे: १२६ आणि ७० रेणुभाराचे घटक जुळून १९६, त्यातून पाण्याचे १८ गेले की १७८. मात्र १९६ दिसलं तर नुसत्या भारावरून काही ठरवता येत नाही. शेपटी मोकळी असलेला रेणू आणि वलय जुळूनही पाणी न गेलेला रेणू, दोघांचा भार तोच. पाणी निघून गेलं की एनएमआर आलेखात ५.८च्या आसपास दुहेरी बंधावरच्या एका हायड्रोजनची खूण उमटते. तिच्यावर विश्वास ठेवावा.

बिघडतं ते बहुधा मिथिल व्हायनिल किटोनमुळे. हा द्रव विषारी, डोळ्यांना झोंबणारा आणि स्वतःशीच जुळून चिकट बहुवारिक बनवणारा. म्हणून रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी तो बाटलीतून ओतण्याऐवजी अभिक्रियेतच हळूहळू तयार होऊ देण्याची युक्ती वापरली.

साध्या अल्कलीने या किटोनची डावी आणि उजवी रूपं निम्मी-निम्मी मिळतात. १९७०च्या दशकात बर्लिनच्या शेरिंग आणि अमेरिकेतल्या हॉफमन-ला रोश इथल्या रसायनतज्ज्ञांनी प्रोलीन हे अमिनो आम्ल वापरून अशा वलयांचं एकच रूप जास्त प्रमाणात मिळवून दाखवलं. सॅम्युअल डॅनिशेफस्की यांनी १९९६ साली कर्करोगावरचं टॅक्सॉल प्रयोगशाळेत बांधलं, तेव्हा सुरुवात याच वीलँड-मीशर किटोनपासून केली होती.