डीएपीची गोणी नेमकी जाते कुठे?

मागच्या जूनमध्ये गावी गेलो होतो. सोयाबीनची पेरणी चालू होती. मामा म्हणाला, "अरे इंजिनिअर, एवढं सगळं शोधतोस ना नेटवर? मग हे सांग, दरवर्षी मी एकरी एक गोणी डीएपी टाकतो, तरी माती परीक्षणाचा रिपोर्ट म्हणतो स्फुरद कमी. जातं कुठे?" मी कोडिंगवाला माणूस, गप्प बसलो. मग वाचत गेलो, आणि आजचा एपिसोड तयार झाला.

आधी गोणीचा हिशोब. गोणीवर १८:४६:० लिहिलेलं असतं. त्यातला ४६ हा आकडा P₂O₅ चा, म्हणजे कागदावर मोजायचं एकक. प्रत्यक्ष फॉस्फरस त्याच्या साधारण ४४ टक्के. म्हणजे ५० किलोच्या गोणीत P₂O₅ २३ किलो आणि खरा फॉस्फरस फक्त १० किलो. त्यातला पहिल्या हंगामात पिकाच्या पोटात जातो साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे दीड-दोन किलो.

मग उरलेला आठ किलो? तो पाण्याबरोबर वाहून खाली गेला असं वाटतं ना? युरियातल्या नत्राचं तसं होतं. स्फुरदाचं उलट आहे. तो जिथे पडला तिथेच अडकून बसतो.

मामाचं रान काळं, चुनखडीचं, सामू आठच्या वर. डीएपीचा दाणा ओलाव्यात विरघळला की फॉस्फेट बाहेर पडतं, आणि आजूबाजूला कॅल्शियम तयारच असतो. दोघं जुळतात आणि कॅल्शियम फॉस्फेट बनतं. सुरुवातीला हे संयुग थोडंफार विरघळणारं असतं. पण महिने, वर्षं जातील तसं ते घट्ट होत जातं, आपल्या हाडा-दातांत असतं तशा खनिजाकडे सरकतं. कोकणातल्या लाल जांभ्या मातीत चुना नाही, पण तिथे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं फॉस्फेटला आपल्या पृष्ठभागावर पकडून ठेवतात. चोर वेगळे, चोरी तीच. यालाच स्फुरदाचं स्थिरीकरण म्हणतात.

आता मला सगळ्यात भारी वाटलेला हिशोब. मूळ अन्न घेतं ते मातीतल्या पाण्यातून. एका एकरात वरच्या २० सेंटिमीटर थरात ओल चांगली असेल तर साधारण दोन लाख लिटर पाणी असतं. त्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फरस धरा. एकूण किती झाला? दहा ग्रॅम! आणि दहा क्विंटल सोयाबीनच्या दाण्यात निघून जातो साधारण पाच किलो. म्हणजे शंभर दिवसांच्या पिकात ते पाणी पाचशे वेळा, रोज पाच वेळा, मातीने पुन्हा भरून द्यावं लागतं.

बरं, हे भरतं कुठून? मातीत पकडून ठेवलेल्या जुन्या साठ्यातून. थोडक्यात, अडकलेला स्फुरद म्हणजे गेलेला पैसा नव्हे. ते फिक्स्ड डिपॉझिट समजा, मोडता येतं, पण हळूहळू. मामाच्या पिकाने खाल्लेले पाच किलो त्या वर्षीच्या गोणीतले नव्हते, बहुतेक आधीच्या वर्षांचे होते. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या एका शेतात १९०१ नंतर स्फुरद देणं थांबवलं होतं. आधी स्फुरद मिळालेल्या भागांत त्यानंतर कित्येक दशकं पीक न मिळालेल्या भागांपेक्षा चांगलं येत राहिलं.

मग करायचं काय? खत रानभर फेकलं की प्रत्येक दाणा चारी बाजूंनी नव्या मातीला भिडतो. शिवाय फॉस्फेट मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, त्यामुळे वर पडलेलं मुळापर्यंत पोचतच नाही. म्हणून ते पेरणीबरोबर, बियाण्याच्या थोडं खाली आणि बाजूला, पट्ट्यात द्यायचं. दाटीत दिलं की मातीशी संपर्क कमी येतो आणि कोवळं मूळ लवकर भेटतं. यानं स्थिरीकरण थांबत नाही, मंदावतं.

दुसरं, रिपोर्ट वाचताना पद्धत बघा. चुनखडीच्या मातीला ओल्सन पद्धत लागते. आम्लधर्मी मातीसाठीची ब्रे पद्धत इथे वापरली, तर तिच्यातलं आम्ल चुन्यावरच खर्च होतं आणि आकडा खोटा कमी येतो.

मामाच्या रिपोर्टवर पद्धतीचं नावच नव्हतं. यंदा पेरणीआधी त्याने पुन्हा नमुना दिला, ओल्सननेच करा असं सांगून. आकडा मध्यम आला. गोणी बंद नाही केली, पण आता ती पाभरीच्या नळीतून बियाण्याखाली जाते. "म्हणजे एवढी वर्षं मी बँकेतच भरत होतो," मामा म्हणाला. "हो," म्हटलं, "फक्त पासबुक चुकीचं होतं."