कान्हेरीचं टाकं आणि बोरिवलीचे टॉवर एकाच फोटोत

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या वरच्या कातळावर चढलं की पायाशी दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं, मग जंगल आणि टोकाला शहराच्या इमारती. हे सगळं एकाच फोटोत स्पष्ट हवं, तर फोकस कुठे करायचा?

समजा, क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८ मिमी लेन्स, f/11 आणि टाक्याची कड १ मीटरवर. कडेवरच फोकस केला, तर साधारण ६० सेंमी ते ३ मीटर एवढंच स्पष्ट येतं, इमारती पुसट. इमारतींवर केला, तर दीड मीटरच्या अलीकडचं सगळं मऊ, म्हणजे नेमकी कड हातची जाते.

हा दीड मीटर म्हणजेच हायपरफोकल अंतर. तिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे ७५ सेंमीपासून, क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं.

पण क्षितिज इथे जेमतेम पास होतं, मोठ्या प्रिंटमध्ये ते मऊ भासतं. म्हणून जाणकार थोडं पुढे, २ मीटरवरच्या दगडावर फोकस करतात. जवळची मर्यादा ८५ सेंमीपर्यंत सरकते, कड तरीही वाचते आणि इमारती अधिक रेखीव येतात.

अंतर सेन्सरपासून मोजायचं. फोकस धरल्यावर लेन्स मॅन्युअलवर टाकायची, नाहीतर शटर दाबताना कॅमेरा पुन्हा फोकस शोधतो. f/22 वर जाऊ नये. डिफ्रॅक्शनमुळे अख्खा फोटोच मऊ होतो.