लॅडरवर पाय नाचतात, पण खेळाडू वळतो का?

लातूर-नांदेडमध्ये बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांसाठी चपळाईची बॅच सुरू करायची म्हटलं, की बहुतेक जण सगळ्यात आधी लॅडर आणतात. काही शे रुपयांत मिळते, रीलमध्ये छान दिसते. पण तीन महिन्यांनी पालक विचारतात, "सर, कोर्टवर फरक कुठे दिसतोय?" तिथे बॅच टिकते किंवा मोडते. म्हणून आज लॅडर काय देते, शटल रन काय देते आणि फरक मोजायचा कसा, एवढंच बघू.

लॅडरमध्ये खेळाडू साधारण ४० सेंटीमीटरच्या घरांतून ठरलेली पावलं टाकतो. त्यातून पावलांची लय येते, टाच न टेकता चवड्यावर राहायची सवय लागते. पण वेग कमी असतो आणि कुठे जायचं ते आधीच माहीत असतं. मुख्य म्हणजे जोरात येऊन थांबावं लागत नाही. दिशा बदलणं म्हणजे आधी ब्रेक मारणं आणि मग उलट्या बाजूला जोर लावणं. हे लॅडर शिकवत नाही. त्यामुळे ती वॉर्मअपमध्ये ८-१० मिनिटं वापरा, तेवढी पुरे. मूल पायाकडे बघत असेल किंवा पाय धपधप वाजत असतील, तर वेग कमी करायला सांगा. लॅडर नसेल तर मैदानावर फक्कीने घरं आखली तरी चालतं.

खरं काम शटल रनमध्ये होतं. इथे शटल म्हणजे बॅडमिंटनचं फूल नव्हे, तर दोन रेषांमधली ये-जा धाव. ५ मीटरवर दोन रेषा आखा. बॅडमिंटन कोर्टची रुंदी ६.१ मीटर असते, म्हणजे हे अंतर खेळाला जुळतं. वळणाआधीची शेवटची दोन-तीन पावलं आखूड करायची, कंबर खाली न्यायची आणि बाहेरच्या पायाने जमीन ढकलायची. पहिला आठवडा निम्म्या वेगानेच. नंतर चार वेळा ये-जा म्हणजे एक फेरी, मग एक मिनिट विश्रांती, अशा सहा फेऱ्या. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. पावलं जमली की ठरलेली दिशा काढून टाका. तुम्ही हात दाखवाल त्या बाजूला मुलाने वळायचं, कारण सामन्यात फूल कुठे येणार ते आधी कळत नाही.

चूक ओळखायला समोर उभे राहा. वळताना गुडघा आतल्या बाजूला पडत असेल तर ती फेरी तिथेच थांबवा. दुखापत अशाच वळणात होते. मूल ताठ उभं राहून मग वळत असेल, तर वेग जास्त आहे, ब्रेक कमी आहे. सिमेंटच्या फरशीवर धूळ असेल तर आधी झाडून घ्या. एप्रिल-मेमध्ये बॅच सकाळी लवकर संपवा.

आता मोजमाप. एकाच जमिनीवर दोन धावा घ्या. पहिली १० मीटर सरळ. दुसरी ५ मीटर जाऊन, वळून ५ मीटर परत. अंतर सारखंच आहे, म्हणजे जास्त लागलेला वेळ हा वळणाचा खर्च. समजा, एका मुलीला सरळ धावेला २.२ सेकंद लागले, डाव्या पायावर वळून ३.१ आणि उजव्यावर वळून ३.३. मग डाव्या वळणाचा खर्च ०.९ आणि उजव्याचा १.१ सेकंद. सरळ वेग ठीक आहे, उजव्या पायावर ब्रेक कच्चा आहे. तिला अजून पळवायची गरज नाही, उजव्या वळणाचा सराव द्यायचा. फक्त सरळ धाव मोजली असती तर हे दिसलंच नसतं.

हाताने स्टॉपवॉच दाबलं की एक-दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे होतात, आणि आपल्याला तर तेवढाच फरक बघायचाय. म्हणून मोबाईल स्टँडवर ठेवून व्हिडिओ काढा आणि फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.०३ सेकंद. मोबाईलची जागा दर वेळी तीच ठेवा, प्रत्येक धाव तीनदा घ्या आणि सर्वात चांगली नोंदवा. पुढची चाचणी चार आठवड्यांनी, त्याच जमिनीवर, त्याच बुटांत.

लातूर पॅटर्नच्या गावात पालकांना चाचणी आणि गुणांचा तक्ता वाचायची सवय आहे. त्यांना महिन्याला एक कागद द्या. सरळ धाव, डावं वळण, उजवं वळण, एवढे तीनच आकडे. आकडा सुधारला नाही तर तोही लिहा आणि पुढच्या महिन्यात काय बदलणार ते सांगा. बॅचची फी मागताना लॅडरचा फोटो दाखवण्यापेक्षा हा कागद पुढे करा.